एका फेरीत सोंगणी, मळणी आणि उफणणी: सटाण्याच्या गव्हात हार्वेस्टर

फेब्रुवारीचा शेवट आला की बागलाण तालुक्यात दोन पिकांचे काम एकदमच अंगावर येते. एकीकडे उन्हाळ कांदा काढणीला येऊ लागतो, दुसरीकडे नोव्हेंबरात पेरलेला गहू पिवळा पडून वाळू लागतो. कांदा हाताने उपटावा लागतो, पात कापावी लागते, निवडावा लागतो. त्या कामाला अजून माणसांशिवाय पर्याय नाही. त्यामुळे मजूर कांद्याकडे जातात आणि गहू यंत्राच्या वाट्याला येतो. सटाण्याच्या आसपास आरम, मोसम आणि गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत हार्वेस्टर रुळला, त्यामागे ही मजुरीची ओढाताण आहे.

या यंत्राविषयी शेतकऱ्यांच्या मनात दोन टोकाची मते असतात. एकाला वाटते, एका तासात दोन एकर मोकळे होते, आणखी काय हवे? दुसऱ्याला वाटते, यंत्र निम्मा गहू वावरातच सांडते. दोन्ही मते यंत्राच्या पोटात काय घडते हे न पाहता बनलेली असतात. हार्वेस्टर गहू सांडतो हे खरे. पण किती सांडतो, कुठून सांडतो आणि कोणाच्या हातून सांडतो, हे मोजता येते आणि बरेचसे थांबवताही येते. त्यासाठी आधी दाण्याचा प्रवास समजून घ्यावा लागतो.

खळ्यावरची कामे आणि यंत्राची वाटचाल

जुन्या रीतीत गव्हाचे काम चार टप्प्यांत होई. विळ्याने सोंगणी, पेंढ्या बांधून खळ्यावर वाहतूक, तिवड्याभोवती बैलांची पात फिरवून मळणी आणि शेवटी वाऱ्याच्या दिशेने उभे राहून उफणणी. पुढे मळणी यंत्र आले. आपल्याकडे बरेच जण त्याला हडंबा म्हणतात. त्याने मळणी आणि उफणणी एकत्र केली, पण सोंगणी आणि पेंढ्यांची वाहतूक माणसांकडेच राहिली. हार्वेस्टरने हे सारे एका यंत्रात बसवले आणि खळेच चाकांवर घालून वावरात आणले.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये हायरम मूर याने 1830 च्या दशकात कापणी आणि मळणी एकत्र करणारे यंत्र बनवले. ते घोड्यांच्या मोठ्या ताफ्याने ओढावे लागे. स्वतःच्या इंजिनावर चालणारी यंत्रे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शेतांवर दिसू लागली. भारतात स्वराज कंपनीने 1980 मध्ये स्वयंचलित कंबाइन बाजारात आणले. त्यानंतर पंजाबातील नाभा, भादसों या भागांत हार्वेस्टर बनवणारे कारखाने वाढत गेले. आपल्या वावरात दिसणारी बरीचशी यंत्रे आणि त्यांचे चालक आजही तिकडूनच येतात. गहू जसजसा एकेका प्रदेशात पिकत जातो, तसतसे ते मुक्काम हलवत पुढे सरकतात.

या यंत्रांची साधारण मांडणी एकसारखी असते. पुढे 14 फूट रुंदीचा कटर, मध्ये आडवा फिरणारा मळणीचा ड्रम, मागे काड झटकणारे वॉकर, खाली चाळण्या आणि पंखा, वर दाण्याची टाकी. अलीकडे लांबट रोटर असलेली यंत्रेही निघाली आहेत. त्यांत मळणी आणि झटकणे एकाच फिरत्या भागात होते. या लेखात मात्र ड्रम आणि वॉकरच्या यंत्राचाच विचार केला आहे.

कापणी: रील आणि पाते

यंत्राच्या तोंडाशी मोठे फिरणारे रील असते. ते उभ्या गव्हाला हलकेच मागे झुकवते आणि पात्यावर धरते. खाली दातेरी पाते लोखंडी बोटांच्या मधून डावी-उजवीकडे धावते आणि काड कापते. कापलेले पीक रील मागे ढकलते. तिथे आडवा स्क्रू ते दोन्ही बाजूंनी मध्यभागी गोळा करतो आणि साखळ्यांचा चढता पट्टा ते ड्रमकडे नेतो.

इथला कळीचा मुद्दा रीलचा वेग आहे. रीलची टोके यंत्राच्या चालीपेक्षा थोडी जास्त, साधारण दहा ते पंचवीस टक्के अधिक वेगाने फिरायला हवीत. रील त्याहून संथ असेल तर कापलेले पीक पात्यापुढे पडते. फार जोरात फिरले तर ओंब्यांना फटके बसतात, आणि वाळलेला दाणा यंत्रात शिरण्याआधीच जमिनीवर उडतो. म्हणून यंत्राच्या पुढच्या भागाखाली सुटे दाणे किंवा तुटलेल्या ओंब्या दिसल्या, तर मळणीला दोष देण्याआधी रीलचा वेग आणि उंची पाहावी.

कापणीच्या उंचीवर पुढचे सारे काम अवलंबून असते. पाते जितके खाली, तितके जास्त काड यंत्रात शिरते, आणि ते सारे ड्रम, वॉकर आणि चाळण्यांना झेलावे लागते. म्हणून चालक ओंब्यांच्या खाली पुरेशी जागा राखून, जमिनीपासून आठ-दहा इंचांवर किंवा त्याहूनही वर कापतो. शेतकऱ्याला मात्र भुसा हवा असतो, म्हणून तो पाते खाली घ्यायला सांगतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. खाली कापायचे असेल तर चाल कमी करावी लागते, एवढे दोघांनीही ध्यानात घेतले पाहिजे.

मळणी: ड्रम आणि जाळी

यंत्राचे हृदय म्हणजे ड्रम. त्यावर खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात. ड्रमच्या खालच्या अर्ध्याहून कमी घेराला अर्धगोल जाळी वेढून असते. पीक ड्रम आणि जाळीच्या फटीतून ओढले जाते. पट्ट्यांचे ठोके आणि काडाचे काडावर घासणे, या दोन्हींमुळे दाणा ओंबीतून सुटतो आणि जाळीतून खाली पडतो. नीट लावलेल्या यंत्रात दहापैकी आठ किंवा अधिक दाणे इथेच काडापासून वेगळे होतात.

वेगाचा हिशेब पाहू. ड्रमचा व्यास 60 सेंटिमीटर धरला तर त्याचा घेर सुमारे 1.88 मीटर होतो. मिनिटाला 900 फेरे म्हणजे सेकंदाला 15 फेरे. म्हणजे पट्टीचे टोक सेकंदाला सुमारे 28 मीटर, तासाला जवळजवळ शंभर किलोमीटर वेगाने ओंबीवर आदळते. गव्हाला साधारण इतका वेग लागतो. हरभऱ्याला यापेक्षा बराच कमी, जवळपास निम्मा वेग पुरतो, कारण त्याचा दाणा मोठा असतो आणि चटकन फुटतो. गहू संपवून त्याच फेऱ्यांवर हरभऱ्यात शिरलेले यंत्र टाकीत डाळ भरते.

दुसरा हाताळण्याचा भाग म्हणजे ड्रम आणि जाळीतील फट. पीक आत शिरते तिथे ती मोठी आणि बाहेर पडते तिथे लहान ठेवतात. गव्हासाठी पुढे सुमारे एक सेंटिमीटर किंवा थोडी अधिक आणि मागे त्याच्या निम्मी, असा साधारण अंदाज धरतात. नेमका आकडा यंत्र, वाण आणि ओलावा यांवर ठरतो.

ड्रम बरोबर लागला आहे की नाही, हे टाकीत आणि मागच्या काडात कळते. टाकीतून मूठभर दाणे हातावर घ्यावेत. बरेच दाणे तुटलेले किंवा चिरलेले असतील तर ड्रम जास्त फिरतो आहे किंवा फट फार अरुंद आहे. मग मागे पडलेल्या काडातून पाच-दहा ओंब्या उचलून चोळून पाहाव्यात. त्यांत दाणा उरला असेल तर ड्रम संथ आहे, फट मोठी आहे किंवा पीक ओले आहे. या दोन खुणा उलट्या दिशांना बोट दाखवतात. त्यामुळे एक बिघाड दुरुस्त करताना दुसरा निर्माण होऊ नये, म्हणून बदल एका वेळी एकच आणि थोडाच करावा. आधी फट बदलून पाहावी, त्याने भागले नाही तर फेरे.

काड झटकणे: वॉकर

ड्रममधून निघालेल्या काडात अजून थोडे सुटे दाणे अडकलेले असतात. ते बाहेर काढण्याचे काम वॉकर करतात. हे लांब, पायऱ्यापायऱ्यांचे, छिद्रे असलेले पन्हळ असतात. वाकड्या दांड्यावर बसवल्यामुळे ते आळीपाळीने वर-खाली आणि पुढे-मागे हलतात. काड प्रत्येक हालचालीत वर उडते, सैल होते आणि मागे सरकते. दाणे त्यातून निसटून खाली पडतात आणि उतरत्या तळावरून चाळणीकडे येतात. काड मात्र यंत्राच्या मागून बाहेर पडते.

वॉकरला ना ताकद लागते ना बारकाईची जुळणी. त्याला लागतो वेळ. काडाचा थर पातळ असेल तर दाण्याला खाली येण्याची वाट मिळते. थर जाड झाला की दाणे काडावर बसूनच मागे निघून जातात. आणि थर जाड होतो तो चालक वेग वाढवतो तेव्हा.

वेगाने किती फरक पडतो ते पाहा. 14 फूट रुंदीचे यंत्र तासाला 3 किलोमीटर चालले, तर दर सेकंदाला सुमारे साडेतीन चौरस मीटर गहू कापते. एकरी 16 क्विंटल उतारा धरला, तर दर सेकंदाला जवळजवळ दीड किलो दाणे आणि जवळपास तितकेच काड यंत्रात शिरते. वेग साडेचार किलोमीटर केला की आत येणारा माल दीडपट होतो. ड्रम तो कसाबसा झेलतो. वॉकरवरून वाहून जाणारे दाणे मात्र दीडपट होऊन थांबत नाहीत. एका मर्यादेनंतर ते झपाट्याने वाढतात, कारण थर जाड झाला की प्रत्येक दाण्याची खाली येण्याची शक्यताच घटते. यंत्राने गहू सांडला अशी तक्रार होते, तेव्हा बहुतेक वेळा दोष याच टप्प्यावर असतो.

चाळणी आणि पंखा: यंत्राची उफणणी

जाळीतून आणि वॉकरमधून पडलेला माल खाली एकत्र येतो. त्यात दाण्यांबरोबर फोलपट, कुसळे आणि काडाचे तुकडे असतात. हा माल हलत्या चाळण्यांवर येतो आणि खालून पंख्याचा वारा त्यातून सोडला जातो.

गव्हाचा दाणा हवेत पडताना साधारण सेकंदाला 8 ते 9 मीटरचा वेग गाठतो. म्हणजे तेवढ्या जोराचा वारा खालून आला तरच दाणा तरंगेल. फोलपट त्याहून फारच मंद वाऱ्याने उडते. काडाचे तुकडे या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतात. म्हणून पंख्याचा वारा फोलपटाला उडवण्याइतका जोरदार, पण दाण्याला उचलण्याइतका जोरदार नाही, असा ठेवावा लागतो. खळ्यावर उफणणारा माणूस वाऱ्याचा झोत पाहून सूप किती उंच धरायचे ते ठरवी. इथे तेच पंख्याच्या झडपांनी आणि चाळणीच्या फटींनी ठरवतात.

वरच्या चाळणीतून दाणे खालच्या चाळणीवर आणि तिथून स्वच्छ होऊन एलिव्हेटरने टाकीत जातात. ज्या अर्धवट ओंब्या चाळणीतून खाली जात नाहीत, पण वाऱ्याने उडतही नाहीत, त्या मागच्या भागातून पुन्हा ड्रमकडे पाठवल्या जातात. ही परतीची वाट फार भरली तर तेच दाणे पुन्हा पुन्हा ड्रममध्ये चेपले जातात आणि तुटतात. म्हणून टाकीत तुटका दाणा दिसल्यावर एकदा या परतीकडेही पाहावे.

खुणा इथेही सोप्या आहेत. टाकीत फोलपट आणि काडाचे तुकडे फार असतील तर वारा कमी आहे किंवा चाळण्या जास्त उघड्या आहेत. मागे पडलेल्या बारीक भुसकटात चांगले भरलेले दाणे दिसले तर वारा जास्त आहे किंवा वरची चाळणी जास्त बंद आहे. बारीक, हलके, पोचट दाणे मागे पडणे मात्र अपेक्षितच आहे. ते टाकीत गोळा करण्याच्या नादात पंखा कमी केला तर गहू घाण होतो.

डिझेल वाचवण्याची चूक

ड्रम, वॉकर, चाळण्या आणि पंखा हे सगळे त्याच एका इंजिनावर पट्ट्यांनी चालतात. यंत्राची चाल कमी करायची असेल तर गिअर किंवा चालीचा दांडा वापरावा लागतो. इंजिनाचा थ्रॉटल कमी केला तर चाल कमी होते, पण त्याबरोबर ड्रम, वॉकर आणि पंखाही मंदावतात. मग ओंब्या अर्धवट मळल्या जातात, काड नीट उडत नाही आणि पंख्याचा वारा पडतो. डिझेल वाचवण्यासाठी थ्रॉटल खाली आणलेले यंत्र बाहेरून शांत आणि सावकाश चालल्यासारखे दिसते, पण आत सर्व टप्पे एकदम बिघडलेले असतात. गव्हाच्या दाट पट्ट्यात शिरताना इंजिनाचा आवाज दबला तरी तेच होते. चांगला चालक अशा ठिकाणी पूर्ण थ्रॉटल ठेवतो आणि चाल उतरवतो.

किती सांडला, ते मोजण्याची रीत

सांडलेला गहू डोळ्यांनी भयंकर दिसतो आणि बहुतेक वेळा दिसतो त्यापेक्षा कमी असतो. यंत्राच्या मागे दाणे एका अरुंद पट्ट्यात पडतात, पण ते पूर्ण 14 फूट रुंदीच्या कापणीतले असतात. हा फरक धरला नाही तर मोजणी तिपटीने चुकते.

रीत अशी. यंत्राला वावराच्या मध्यावर, सरळ चालीत असताना थांबवायला सांगावे. मग ते आपल्या लांबीइतके मागे न्यायला लावावे. आता समोर तीन पट्टे दिसतात. पहिला न कापलेल्या उभ्या गव्हाचा, दुसरा कापलेला पण काड न पडलेला, तिसरा यंत्रामागे काड आणि भुसकट पडलेला. एक फूट लांब, एक फूट रुंद अशी तारेची चौकट करून प्रत्येक पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी ठेवावी आणि आतले दाणे मोजावेत. ओंबीतले दाणेही धरावेत.

उदाहरण म्हणून समजू या, की उभ्या गव्हात चौरस फुटाला सरासरी 3 दाणे सापडले. हे यंत्र येण्याआधीच गळालेले. दुसऱ्या पट्ट्यात 6 सापडले, म्हणजे पुढच्या कटरने आणि रीलने आणखी 3 पाडले. तिसऱ्या पट्ट्यात काड बाजूला सारून 35 सापडले. त्यातून आधीचे 6 वजा करून 29 उरले, ते वॉकर आणि चाळणीतून आलेले. पण हे 29 दाणे सुमारे 4 फूट रुंदीच्या पट्ट्यात पडले आहेत, कापणी मात्र 14 फुटांची आहे. म्हणून 29 ला 4 ने गुणून 14 ने भागायचे. उत्तर येते सुमारे 8.3. त्यात कटरचे 3 मिळवले की यंत्राने दर चौरस फुटाला सुमारे 11 दाणे सांडले.

एका एकरात 43,560 चौरस फूट असतात. म्हणजे एकरी जवळजवळ 4 लाख 90 हजार दाणे. हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम धरले, तर हे सुमारे 20 किलो होतात. एकरी 16 क्विंटलमध्ये 20 किलो म्हणजे सव्वा टक्का. मागे चौरस फुटाला 35 दाणे पाहून पोटात गोळा येतो, पण हिशेब केला की यंत्र ठीक चालले आहे हे कळते. त्याच जागी 100 दाणे सापडले असते, तर यंत्रामागचे नुकसान तिपटीहून अधिक झाले असते आणि थांबून दुरुस्ती करणे भाग पडले असते. लोकवनसारख्या टपोऱ्या वाणांत हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅमहून जास्त भरते. त्यामुळे आपल्या वाणाचे हजार दाणे मोजून तराजूवर टाकून घेतले तर हिशेब अधिक नेमका होतो.

तिसऱ्या पट्ट्यातले दाणे कुठून आले, हेही बघता येते. लांब काडात अडकलेले दाणे वॉकरवरून आले, तर चाल कमी करावी. बारीक भुसकटात मिसळलेले भरीव दाणे चाळणीवरून उडाले, तर पंखा किंवा चाळणी जुळवावी. दाणे ओंबीतच असतील, तर ड्रमकडे वळावे.

ओलावा आणि वेळ

गहू हार्वेस्टरने काढायचा तर दाण्यातील ओलावा साधारण 12 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान असावा. मोजण्याचे यंत्र नसेल तर दाणा दातांखाली धरावा. तो चेपला न जाता कडक आवाज करून तुटला तर तयार आहे. सकाळी दंव असते, काड चिवट असते, ओंबी नीट सुटत नाही. म्हणून सकाळी दहाच्या आधी यंत्र घालण्यात अर्थ नसतो. दुपारी ऊन चढले की याच्या उलट होते. दाणा ठिसूळ होतो आणि रीलच्या धक्क्यानेही ओंबी गळते. सकाळी लावलेला ड्रम दुपारी जास्त जोराचा ठरतो. त्यामुळे दिवसभरात निदान एकदा तरी जुळणी पाहायलाच हवी.

गहू साठवायचा असेल तर दाण्याचा ओलावा 12 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत ताडपत्रीवर वाळवणे भाग आहे. ओलसर गहू कोठीत भरला तर त्याला किडा आणि बुरशी दोन्ही लागतात.

मार्चमधला अवकाळी पाऊस आणि गारपीट हा आपल्या भागातला मोठा धोका. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या गारपिटीने नाशिक जिल्ह्यासह राज्यातील मोठ्या भागात उभी पिके झोडपली. लोळलेल्या गव्हात हार्वेस्टरला पाते अगदी जमिनीलगत आणावे लागते. मग माती आणि दगडही आत शिरतात, आणि तरीही खाली पडलेल्या ओंब्या सुटतात. अशा वावरात लोळण्याच्या उलट दिशेने किंवा आडव्या दिशेने कापणे, रील पुढे आणि खाली घेणे आणि चाल निम्म्यावर आणणे, एवढेच हाती असते. तिथे नुकसान जास्त होणार हे आधीच धरावे. गहू फारच लोळला असेल तर विळ्याने सोंगून हडंब्यावर मळणे अजूनही फायद्याचे ठरते.

वावराचा आकार

14 फुटी यंत्राचे खरे सामर्थ्य लांब वावरात दिसते. समजा अर्ध्या एकराचा तुकडा 100 फूट रुंद आणि 220 फूट लांब आहे. त्याला आठ फेऱ्या लागतात. तासाला 3 किलोमीटरच्या चालीने प्रत्येक फेरीला सुमारे 80 सेकंद, म्हणजे आठ फेऱ्यांना साधारण 11 मिनिटे. प्रत्येक वळणाला अर्धे मिनिट धरले तरी चार मिनिटे नुसत्या वळण्यात जातात, शिवाय सुरुवातीला कडेने वाट मोकळी करावी लागते आणि टाकी ट्रॉलीत रिकामी करावी लागते. तुकडा जितका लहान आणि वाकडा, तितका यंत्राचा वेळ वळणांत जातो आणि बांधाच्या कडेचा गहू उभाच राहतो.

या दृष्टीने बागलाणच्या जुन्या फड पद्धतीकडे पाहावेसे वाटते. मोसम, आरम, गिरणा या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली सिंचनाचे क्षेत्र फडांत विभागले जाई आणि एका फडात एकाच वर्षी एकच पीक घेतले जाई. त्यामागचा हेतू पाण्याच्या वाटणीचा होता. पण लगतची वावरे एकाच वेळी तयार होणे ही हार्वेस्टरसाठी सगळ्यात सोयीची गोष्ट आहे. बांधाला बांध लागून असलेले चार शेतकरी एकाच वाणाचा गहू एकाच आठवड्यात पेरत असतील, तर यंत्र एकदाच आणून सगळ्यांचे काम सलग उरकता येते आणि वाणांची भेसळही टळते.

भेसळीचा मुद्दा बियाण्याचा गहू ठेवणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. आधीच्या वावरातला गहू आणि तणांचे बी टाकीच्या कोपऱ्यांत, एलिव्हेटरमध्ये आणि चाळण्यांवर शिल्लक राहते. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राच्या तपोवन, नेत्रावतीसारख्या वाणांचा गहू बियाण्यासाठी राखायचा असेल, तर आपल्या वावरातला पहिला थोडा माल वेगळा पोत्यात घ्यावा आणि तो बियाण्यात मिसळू नये.

काडाचा प्रश्न

हार्वेस्टरने दाणा मिळतो, पण भुसा जातो, ही तक्रार खरी आहे. हडंब्यात पूर्ण रोप जाते आणि बाहेर बारीक भुसा पडतो. हार्वेस्टर मात्र जमिनीवर धसकटे उभी ठेवतो आणि लांब काड एका ओळीत टाकतो. ते काड जनावरे तशी आवडीने खात नाहीत.

यावर सध्याचा उपाय म्हणजे हार्वेस्टरनंतर ट्रॅक्टरमागे चालणारे भुसा यंत्र. ते उरलेली धसकटे कापते, पडलेले काड उचलते, बारीक करते आणि जाळी लावलेल्या ट्रॉलीत उडवते. काडात राहिलेले काही दाणेही त्यात मिळतात. म्हणजे ज्याला भुसा हवा त्याने हार्वेस्टरचे भाडे ठरवतानाच भुसा यंत्राचा खर्च हिशेबात धरावा, आणि मग यंत्रवाल्याला पाते खाली घेण्याचा आग्रह करू नये. उंच कापू दिले तर दाण्याचे नुकसान कमी होते आणि धसकटातला भुसा भुसा यंत्राला मिळतोच.

ज्याला भुसा नको, तो धसकटे पेटवून मोकळा होतो. त्या आगीत सेंद्रिय पदार्थ जळून जातात आणि बांधावरची झाडे करपतात. काड पसरून रोटाव्हेटरने जमिनीत गाडले तर ते जमिनीला परत मिळते. एकाच ओळीत पडलेले जाड काड मात्र आधी पसरून घ्यावे लागते, नाहीतर रोटाव्हेटरला ते गुंडाळते.

निष्कर्ष

हार्वेस्टर एका फेरीत कापतो, मळतो, झटकतो आणि उफणतो. त्यातला एकही टप्पा दुसऱ्यापासून सुटा नाही. पाते किती खाली धरले यावर काडाचा भार ठरतो, भारावर वॉकरचे काम ठरते, आणि चालीवर सगळेच ठरते. पैसे एकराच्या हिशेबाने दिले जातात, म्हणून चालकाला घाई असते. गहू शेतकऱ्याचा असतो, म्हणून शांतपणा शेतकऱ्याने आणायचा असतो. भाव ठरवताना घासाघीस करून एकरी शंभर रुपये वाचवणारा शेतकरी, वेगात गेलेल्या यंत्रामागे त्याहून अधिक किमतीचा गहू सोडतो.

म्हणून सोंगणीला हार्वेस्टर लावणाऱ्या प्रत्येकाने एवढे करावे. पहिली फेरी झाल्यावर यंत्र थांबवायला लावावे, टाकीतली मूठ पाहावी, मागे तारेची चौकट ठेवून दाणे मोजावेत आणि गरज असेल तिथे ड्रम, पंखा किंवा चाल बदलून घ्यावी. दुपारी पुन्हा एकदा पाहावे. यात पंधरा-वीस मिनिटे जातात. हे करून घेणे हा भाडे देणाऱ्याचा हक्क आहे, आणि चांगला चालक त्याला नाही म्हणत नाही.